फोनवर स्पेलिंग सांगताना: ‘नागपूरचा एन’ म्हणायचं, ‘एन फॉर नागपूर’ नाही

(एपिसोडचं ट्रान्स्क्रिप्ट. ऐकायला जमत नसेल त्यांनी वाचा. बोलतानाची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय अगदी साधा वाटेल. फोनवर समोरच्याला आपलं नाव किंवा ईमेल आयडी कसा सांगायचा, एवढंच. ‘यात काय एपिसोड करायचा?’ असं मलाही वाटलं असतं. पण मागे घरीच एक गोष्ट घडली आणि मी हा विषय जरा खोलात जाऊन बघितला.

माझं गाव तळेगाव श्यामजी पंत. वर्धा जिल्हा, आष्टी तालुका, नागपूर-अमरावती हायवेवर. माझी आतेबहीण तिथंच राहते. तिला पुण्याच्या एका कंपनीतून फोन आला. नोकरीसाठी पहिली बोलणी फोनवरच झाली, छान झाली. शेवटी तिकडची बाई म्हणाली, ‘इंटरव्ह्यूची लिंक मेल करते, आयडी सांगा.’ हिनं सांगितला. तिनं लिहून घेतला. चार दिवस गेले. मग हिचा मला फोन: ‘दादा, काहून नाही आला मेल?’

स्पॅम बघितलं, प्रमोशन्स बघितलं, काही नाही. शेवटी तिनं हिंमत करून कंपनीत फोन लावला. तिकडचं उत्तर: ‘मेल तर त्याच दिवशी पाठवला होता, तुम्ही जॉइन झाला नाहीत म्हणून आम्ही पुढे गेलो.’ आयडी वाचून दाखवायला सांगितला, तर एक अक्षर चुकलेलं. फक्त एक!

आता यात तांत्रिक गंमत काय, ते बघा. चुकीच्या पत्त्यावर पाठवलेला मेल बहुतेक वेळा परत येतो. म्हणजे त्या नावाचा मेलबॉक्सच नसेल, तर सर्व्हर पाठवणाऱ्याला कळवतो की असा पत्ता नाही. त्याला आपण मेल बाउन्स झाला म्हणतो. पण चुकीच्या स्पेलिंगचा तो पत्ता खरोखर दुसऱ्या कुणाचा असेल, तर? मग मेल मुकाट्यानं त्याच्याकडे जातो. पाठवणाऱ्याला वाटतं पोचला, तुम्हाला वाटतं पाठवलाच नाही. कुणालाच एरर दिसत नाही. आपल्याकडची आडनावं इतकी सारखी आहेत, की एक अक्षर बदललं तर दुसरा खरा माणूस निघायची शक्यता बरीच असते. बहिणीचं तसंच झालं.

तिचं खरं आडनाव मी इथं सांगत नाही. उदाहरणासाठी एक बनावट पत्ता घेऊ:

```
v.wankhade_98@example.com
```

(example.com हे डोमेन मुद्दाम उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, त्यामुळे हा पत्ता कुणाचाच नाही.)

हा पत्ता तुम्ही फोनवर नुसता वाचून दाखवला, तर कुठं कुठं फसतो?

पहिली अडचण: फोन अर्धाच आवाज पोचवतो

माणसाच्या बोलण्यातले काही आवाज खूप उंच असतात, म्हणजे त्यांची फ्रिक्वेन्सी जास्त असते. ‘स’ म्हणून बघा, शिट्टीसारखी हवा निघते ना? त्या आवाजाची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते. आणि जुन्या पद्धतीचा फोन कॉल साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवतो. म्हणजे ‘एस’ची जी ओळख आहे, तीच वाटेत कापली जाते. उरतो फक्त सुरुवातीचा ‘ए’. मग ‘एस’ आहे की ‘एफ’, हे समोरचा अंदाजानं ठरवतो.

तुम्ही म्हणाल, आमच्या फोनवर तर आवाज एकदम स्वच्छ येतो. बरोबर आहे. फोर-जीवरच्या एचडी कॉलमध्ये हा पट्टा साधारण ७००० हर्ट्झपर्यंत जातो. पण त्यासाठी दोन्ही टोकांना आणि मधल्या सगळ्या वाटेवर ती सोय लागते. तुम्ही शेतातून बोलताय, समोरचा ऑफिसच्या लँडलाइनवर आहे, तर पुन्हा तोच अरुंद पट्टा.

दुसरं, मोबाइलवर आवाज छोट्या तुकड्यांमध्ये जातो. एक तुकडा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे एका सेकंदात असे ५० तुकडे. रेंज कमी असली की मधले काही तुकडे गळतात. वाक्य बोलताना एखादा तुकडा गळला तर फरक पडत नाही, अर्थावरून समजतं. पण ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’, ‘जी’, ‘व्ही’ ही अक्षरं म्हणून बघा. सगळ्यांच्या शेवटी तोच ‘ई’. फरक फक्त सुरुवातीच्या झटक्यात. तो झटका नेमका गळलेल्या तुकड्यात गेला, की समोरच्याला नुसतं ‘ई’ ऐकू येतं. ‘एम’ आणि ‘एन’चंही तेच.

म्हणून ‘जरा मोठ्यानं सांगा’ याचा उपयोग होत नाही. जो भाग फोननं पोचवलाच नाही, तो ओरडून पोचत नाही. आवाज वाढवण्यापेक्षा जास्त माहिती द्यायला लागते. अक्षराऐवजी शब्द सांगायचा, तो याच कारणासाठी. ‘मुंबई’मधला अर्धा आवाज गेला तरी ती ‘नागपूर’ वाटत नाही.

दुसरी अडचण: समोरचा ऐकत नाही, ओळखतो

वानखडे म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यासमोर काय येतं? वानखेडे स्टेडियम. त्याचं स्पेलिंग त्यानं हजार वेळा वाचलंय: Wankhede. तुम्ही ‘ए’ सांगा, तो ‘ई’ लिहितो. त्याचा कान खराब नाही, त्याच्या डोक्यात उत्तर आधीच तयार आहे. ठाकरे, देशमुख, चौधरी, सगळ्यांचं हेच.

गावाच्या नावाचंही तसंच. ‘तळेगाव’ म्हटलं की पुण्याचा माणूस दाभाडेच लिहितो. तळेगाव ढमढेरे पण पुणे जिल्ह्यातच आहे. आणि आमच्या शेजारी अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर आहे. त्यात आमच्या ‘श्यामजी’चं स्पेलिंग कुठं Shyamji तर कुठं Shamji दिसतं. आम्ही लहानपणापासून ‘कोणतं तळेगाव?’ या प्रश्नाला उत्तर देत आलोय.

यावरून नियम निघतो: जे अक्षर लोकांच्या सवयीपेक्षा वेगळं आहे, ते आधीच सांगायचं. ‘स्टेडियमचं स्पेलिंग नाही. के, एच नंतर ए आहे.’ समोरचा तिथं थांबतो आणि लक्ष देऊन लिहितो.

पायलट लोकांनी हे कसं सोडवलं

विमानांच्या रेडिओवर हाच प्रश्न होता. तिथं आवाज फोनपेक्षा वाईट, आणि बोलणारे फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी, सगळ्या भाषांचे. आज जी अल्फा, ब्राव्हो, चार्ली यादी आपण सिनेमात ऐकतो, ती आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं तयार करून घेतली. पहिली आवृत्ती १९५१ ची. ती वापरायला घेतल्यावर कळलं, की काही शब्द एकमेकांत मिसळतायत. एन साठी ‘नेक्टर’ होतं आणि व्ही साठी ‘व्हिक्टर’. म्हणून बघा: नेक्टर, व्हिक्टर. मग नेक्टर काढून ‘नोव्हेंबर’ आणलं. अशी पाच अक्षरं बदलून १९५६ मध्ये आजची यादी लागू झाली.

त्यांच्या स्पेलिंगमध्येही विचार आहे. Alfa मध्ये ph नाही, f आहे, कारण इंग्रजी न येणाऱ्याला ph चा उच्चार ‘फ’ होतो हे माहीत असेलच असं नाही. Juliett ला शेवटी दोन t, कारण फ्रेंच माणूस शेवटचा एक t उच्चारतच नाही.

यातून आपल्याला घ्यायची गोष्ट एकच: शब्द एकटा चांगला असून चालत नाही. बाकीच्या शब्दांपासून तो वेगळा ऐकू यायला हवा.

आता आपली यादी

महाराष्ट्रात आपण जिल्ह्यांची नावं वापरतो. हे चांगलंच आहे, कारण समोरच्याला ती तोंडपाठ असतात. पण ‘नेक्टर-व्हिक्टर’ आपल्याकडेही आहेत. पी साठी पुणे आणि टी साठी ठाणे म्हणून बघा. पुण्याचा, ठाण्याचा. दोन्ही छोटे, दोन्हींचा शेवट सारखा. आणि ‘पी’, ‘टी’ ही तर फोनवर हमखास गोंधळणारी जोडी! तसंच सोलापूर आणि कोल्हापूर. मधलं ‘ओला-पूर’ तेवढं ऐकू येतं आणि सोलापूरचा ‘स’ तर फोन आधीच खातो.

अजून एक प्रकार: शब्द मराठीत एका आवाजानं सुरू होतो आणि स्पेलिंग वेगळंच असतं. एफ साठी ‘फलटण’ सांगाल, तर त्याचं स्पेलिंग Phaltan, म्हणजे पी! ‘ओ’ साठी बरेच जण उस्मानाबाद म्हणायचे. एक तर ते मराठीत ‘उ’नं सुरू होतं, आणि २०२३ पासून जिल्ह्याचं नाव धाराशिव झालंय. ते सोडून दिलेलं बरं.

हे सगळं टाळून मी वापरतो ती यादी अशी:

```
A अमरावती    J जळगाव     S सातारा
B बुलढाणा    K कोल्हापूर  T टोमॅटो
C चंद्रपूर     L लातूर      U उल्हासनगर
D दिल्ली      M मुंबई      V विरार
E एलिफंटा    N नागपूर     W वर्धा
F फुटबॉल     O ओडिशा     X एक्सरे
G गोंदिया     P पुणे       Y यवतमाळ
H हिंगोली     Q क्वीन      Z झेब्रा
I इंदूर       R रत्नागिरी
```

पाठ करायची गरज नाही. तुमच्या नावात आणि आयडीत जेवढी अक्षरं आहेत तेवढीच लक्षात ठेवा.

आता वर्धेकर म्हणून एक गोष्ट सांगतो. वर्धा आणि विरार, दोन्ही मराठीत ‘व’. लातूरच्या माणसाला वर्ध्याचं स्पेलिंग डब्ल्यूनं सुरू होतं हे माहीत असेलच असं नाही. म्हणजे नुसता शब्द सांगितला तर इथं फसतो. पण अक्षरांची नावं म्हणून बघा: ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’. यांच्यात कुणीच गोंधळणार नाही! उलट ‘एम’ आणि ‘एन’मध्ये नाव फसतं आणि शब्द वाचवतो. म्हणून शब्द आणि अक्षर, दोन्ही सांगायचं. एक जिथं कमी पडतं तिथं दुसरं सांभाळून घेतं.

‘फॉर’ म्हणू नका

दोन्ही सांगायचं तर आपण शाळेतल्यासारखं ‘एन फॉर नागपूर’ म्हणतो. नावापुरतं ते चालून जातं. पण ईमेल आयडीत आकडेही असतात. ‘फॉर’ आणि ‘फोर’ फोनवर सारखंच ऐकू येतं. मग ‘एन’, ‘चार’ असं लिहिलं जातं. समोरचा मध्येच ‘मॅडम, फोर आहे का?’ विचारतो आणि सगळी लय जाते.

आपल्या मराठीत याच्यावर फुकटचा उपाय आहे: ‘नागपूरचा एन’. शब्द आधी, अक्षर शेवटी, आणि मध्ये ‘चा’. ‘चा’ नावाचा कोणता आकडा नाही. शिवाय शब्द आधी आल्यामुळे समोरच्याचा कान तयार होतो आणि शेवटी जे ऐकलं ते तो लिहितो. समोरचा हिंदी बोलणारा असेल तरी चालतं: ‘नागपुर का एन’. इंग्रजीत बोलावं लागलं तर ‘एन ऍज इन नागपूर’ म्हणा, किंवा सरळ पायलटवाली यादी वापरा. बेंगळुरूच्या माणसाला हिंगोली सांगून उपयोग नाही.

असाच दुसरा सापळा ‘डबल’चा. नावात दोन ‘यू’ लागोपाठ आले आणि तुम्ही ‘डबल यू’ म्हणालात, तर समोरचा डब्ल्यू लिहिणार. त्याची काय चूक? त्यापेक्षा ‘यू दोनदा’ म्हणा. आकडेही एकेक करून सांगा. ‘अठ्ठ्याण्णव’ म्हटलं की ऐकणारा नव्व्याण्णव, एकोणनव्वद असं काहीही लिहू शकतो. ‘नऊ, आठ’ म्हटलं की संपलं. आणि झिरो असेल तर ‘शून्य’ म्हणा, ‘ओ’ कधीच नाही.

पूर्ण कॉल असा होतो

आता आपला बनावट पत्ता सांगून बघू. बहीण सांगतेय, समोरची बाई लिहितेय.

‘ताई, आयडी सांगते. ऍट द रेटच्या आधी एकूण तेरा खुणा आहेत. अक्षरं, आकडे, चिन्हं सगळं धरून.’
‘हं, सांगा.’
‘विरारचा व्ही. मग डॉट. इथपर्यंत वाचता का?’
‘व्ही, डॉट.’
‘आता आडनाव. स्पेलिंग स्टेडियमसारखं नाही बरं. वर्ध्याचा डब्ल्यू, अमरावतीचा ए, नागपूरचा एन.’
‘डब्ल्यू, ए, एन.’
‘कोल्हापूरचा के, हिंगोलीचा एच, परत अमरावतीचा ए.’
‘के, एच, ई...’
‘नाही, ए. अमरावतीचा.’
‘हां, ए. बरं झालं सांगितलं.’
‘दिल्लीचा डी, एलिफंटाचा ई. आडनाव संपलं.’
‘डी, ई.’
‘मग अंडरस्कोर, म्हणजे खालची आडवी रेघ. मधली नाही. आणि आकडे नऊ, आठ.’
‘अंडरस्कोर, नऊ, आठ.’
‘मोजता का? तेरा झाले?’
‘...अकरा, बारा, तेरा. हो.’

यात तीन गोष्टी झाल्या. एक, आधी संख्या सांगितली. प्रोग्रॅमिंगमध्ये आपण चेकसम वापरतो ना, तसंच हे. मधला डॉट किंवा एखादं अक्षर गळलं तर बेरीज जमत नाही आणि लगेच कळतं. पण लक्षात घ्या, अक्षर बदललं तर संख्या तीच राहते. ए च्या जागी ई लिहिला तरी तेराच. ती चूक पकडायला दुसरी गोष्ट: तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून समोरच्याकडून वाचून घेणं. वरच्या कॉलमध्ये चूक तिथंच सापडली. सगळं सांगून झाल्यावर ‘बरोबर ना?’ विचारलं, तर कुणीही ‘हो’च म्हणतं. तिसरी गोष्ट, चिन्हाचं नाव आणि रूप दोन्ही सांगितलं. ‘डॅश’ म्हटलं की कुणी मधली रेघ काढतं, कुणी खालची.

जीमेल असेल तर अजून एक सोपी तपासणी आहे. जीमेलच्या पत्त्यात अंडरस्कोर चालतच नाही. फक्त अक्षरं, आकडे आणि डॉट. त्यामुळे कुणी तुम्हाला अंडरस्कोरवाला जीमेल पत्ता सांगितला, तर तो चुकलाय, परत विचारा. आणि जीमेल डॉटकडे बघतच नाही, म्हणजे डॉट राहिला तरी मेल पोचतो. बाकी सगळीकडे मात्र असं धरून चालू नका. कॅपिटल-स्मॉलचा विचार करायची गरज नाही. ‘सगळं स्मॉल’ एवढं एकदा म्हटलं की झालं.

शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची. फोन ठेवायच्या आधी म्हणा, ‘ताई, एक कोरा मेल पाठवता का आत्ता? आला की सांगते.’ अर्धा मिनिट जातं. आला तर प्रश्नच मिटला. नाही आला तर अजून दोघं लाइनवर आहात, पत्ता परत जुळवता येतो. बहिणीनं तेव्हा एवढं केलं असतं, तर बाकीचं काही माहीत नसतानाही तिचा इंटरव्ह्यू झाला असता.

आणि हो, ही सगळी पद्धत नाव, पत्ता, आयडीसाठी. ओटीपी कुणी विचारला तर तो स्पष्ट काय, अस्पष्टही सांगायचा नाही.

बहिणीनं आता एक कागद करून मोबाइलच्या कव्हरमागे ठेवलाय. त्यावर नाव, आयडी, प्रत्येक अक्षराखाली शब्द आणि शेवटी एकूण संख्या. परवा तिला दुसऱ्या एका ठिकाणाहून फोन आला. आत्या सांगत होती, ‘पोरगी अंगणात उभी राहून जिल्हेच मोजत होती बाप्पा!’ मेल मात्र फोन चालू असतानाच आला.

तुमच्या आयडीत कोणतं अक्षर सगळ्यात जास्त चुकतं, ते आजच शोधा आणि त्याच्यासाठी एक पक्का शब्द ठरवून ठेवा. भेटू पुढच्या भागात.